पाऊस उणे कसा पडेल?

पर्जन्यमापकाची एक नोंदवही डोळ्यांसमोर आणा. हवामानखात्याच्या रिवाजाप्रमाणे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दर तीन तासांनी नोंद होते. आपण एका दिवसाच्या सहा नोंदी घेऊ. आकडे मी बसवलेले आहेत, म्हणजे कागदावर हिशेब करता येईल, पण पावसाळ्यात असा दिवस काही दुर्मीळ नाही. सकाळ कोरडी, दुपारी शिंतोडे, मग तीन तास धो धो, संध्याकाळी पाऊस ओसरला आणि रात्री पूर्ण उघडीप. साडेआठपासून त्या त्या वेळेपर्यंत एकूण किती पाऊस पडला, ते असं:

| वेळ | एकूण पाऊस (मिमी) |
|---|---|
| सकाळी ८:३० | ० |
| सकाळी ११:३० | ० |
| दुपारी २:३० | ६ |
| संध्याकाळी ५:३० | ९६ |
| रात्री ८:३० | ११४ |
| रात्री ११:३० | ११४ |

आता कुणी विचारलं, की दुपारी एक वाजेपर्यंत किती पाऊस झाला होता? एक वाजता कुणी नोंद घेतलेली नाही. मग दोन नोंदींच्या मधली किंमत अंदाजाने भरायची. याला गणितात अंतर्वेशन म्हणतात. शाळेत लॉगॅरिथमच्या कोष्टकात दोन आकड्यांमधला आकडा काढताना आपण सगळ्यांनी हेच केलेलं असतं.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे शेजारचे बिंदू पट्टीने जोडणं. साडेअकरा ते अडीच यांच्या बरोबर मध्ये एक वाजतो, म्हणून उत्तर ३ मिमी. यात चूक काही नाही, पण सरळ रेषांचा आलेख प्रत्येक नोंदीपाशी कोपरा घेतो. या आलेखाप्रमाणे अडीच वाजेपर्यंत पाऊस तासाला २ मिमी या वेगाने पडत होता आणि अडीचच्या ठोक्याला एकदम ३० मिमीच्या वेगाने पडू लागला. ढगांना आपल्या नोंदवहीचं वेळापत्रक ठाऊक नसतं. म्हणून अभियंते सरळ रेषेऐवजी गुळगुळीत वक्र काढतात, आणि त्यासाठी हाताशी सगळ्यात आधी येतं ते साधन म्हणजे क्युबिक स्प्लाइन.

स्प्लाइन हा शब्द आला जहाजबांधणीच्या आणि आराखड्यांच्या कारखान्यांतून. जहाजाच्या कडेचा बाक काढायला तिथे लाकडाची लवचीक बारीक पट्टी वापरत. ती ठरलेल्या बिंदूंवरून न्यायची, शिशाची वजनं ठेवून जागच्या जागी धरायची आणि पेन्सिल फिरवायची. पट्टी स्वतःहून असा आकार घेते, की तिला एकंदर कमीत कमी वाकावं लागेल. आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिलं. प्रत्येक दोन बिंदूंच्या मध्ये एक त्रिघाती बहुपदी, आणि हे तुकडे एकमेकांना इतके बेमालूम जोडलेले, की सांध्यावर वक्राची दिशाही बदलत नाही आणि बाकही बदलत नाही.

आपल्या सहा नोंदींतून हा स्प्लाइन काढला, टोकं मोकळी सोडली, आणि एक वाजताची किंमत विचारली तर उत्तर येतं उणे ५.७ मिमी.

पर्जन्यमापकात उणे पाऊस जमा होत नाही. शिवाय घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. सकाळी साडेआठ आणि साडेअकरा, दोन्ही नोंदी शून्याच्या. तरी मधे सव्वादहाच्या सुमारास स्प्लाइन २.२ मिमी पाऊस दाखवतो, म्हणजे कोरड्या सकाळी पाऊस पडला आणि नंतर परत आभाळात गेला. रात्री सातच्या पुढे वक्र ११४.९ पर्यंत चढतो, साडेआठला ११४ वर येतो, मग आणखी खाली ११३.३ पर्यंत घसरतो आणि साडेअकराला पुन्हा ११४ गाठतो. प्रत्येक नोंदीवर तो अचूक आहे. खोटं बोलतो ते मधल्या जागेत, जिथे त्याला धरायला कुणी नाही.

एकूण पावसाला एक साधा नियम आहे. तो वाढेल किंवा तेवढाच राहील, कमी कधीच होणार नाही. विजेच्या मीटरचं वाचन, धरणातल्या पातळीप्रमाणे मोजलेला साठा, टाकीत बुडवलेल्या काठीच्या सेंटिमीटरप्रमाणे तेलाचे लिटर, ही सगळी कोष्टकं याच जातीची. त्यांत वक्र क्षणभर जरी उलटा फिरला तरी त्याचा अर्थ निसर्गात नसलेली गोष्ट असा होतो. प्रश्न उलटा विचारला तर ते आणखी जाणवतं. पहिले २ मिमी किती वाजता पुरे झाले? स्प्लाइन तीन उत्तरं देतो: सकाळी ९:४७, मग १०:३८, आणि पुन्हा दुपारी २:१६. त्यातलं कोणतं घ्यायचं?

हे का होतं ते समजून घ्यायला त्रिघाती तुकड्याकडे जरा जवळून पाहायला हवं. दोन नोंदींमधला असा तुकडा पक्का करायला चार गोष्टी लागतात. दोन्ही टोकांच्या किमती, आणि दोन्ही टोकांशी वक्राचा उतार. किमती तर नोंदवहीत आहेतच. म्हणजे आपल्या हातात उरतात ते फक्त उतार, आणि सगळी रीत शेवटी एवढ्यावर येते की प्रत्येक नोंदीपाशी उतार किती धरायचा. पावसाच्या भाषेत उतार म्हणजे त्या क्षणी पाऊस किती जोराने पडतोय, तासाला किती मिलिमीटर.

स्प्लाइन हे उतार एकेकटे ठरवत नाही. सांध्यावर बाक जुळला पाहिजे ही अट असल्यामुळे तो सगळ्या नोंदींची समीकरणं एकत्र सोडवतो. त्यातून अडीच वाजता पावसाचा जोर निघतो तासाला १९.३ मिमी. पण त्याआधीच्या तीन तासांत एकूण पडले फक्त ६ मिमी, म्हणजे सरासरी तासाला २. सरासरी २ असताना शेवटी १९ चा जोर गाठायचा आणि तोही गुळगुळीत वाटेने, तर आधी कुठेतरी शून्याच्या खाली गेल्याशिवाय जमत नाही. स्प्लाइन तेच करतो. त्याच्या मते साडेअकराला पाऊस तासाला उणे ३.८ मिमी या जोराने ‘पडत’ होता.

मग उतार किती मोठा चालेल? इथे एक छोटा आणि सुंदर हिशेब आहे. वक्र त्रिघाती असला तर त्याचा जोर द्विघाती असतो, म्हणजे पॅराबोला. पॅराबोलाची सरासरी काढायचा सिम्पसनचा नियम बऱ्याच जणांनी कॉलेजात शिकलेला असतो: सुरुवातीचा जोर, मधल्या क्षणाच्या जोराची चौपट आणि शेवटचा जोर यांची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. पॅराबोलासाठी हा नियम अंदाज नसतो, तो तंतोतंत बरोबर असतो. आता सरासरी तर आपल्याला नोंदींवरून माहीत आहे. तेव्हा नियम उलटा फिरवला की मधल्या क्षणाचा जोर मिळतो: सरासरीच्या सहापटीतून दोन्ही टोकांचे जोर वजा करा आणि चाराने भागा.

यावरून लगेच दिसतं, की दोन्ही टोकांच्या जोरांची बेरीज सरासरीच्या सहापटीहून जास्त झाली तर मधला जोर उणे होणार. म्हणून सोपी खबरदारी अशी, की कोणत्याही टोकाचा जोर त्या टप्प्याच्या सरासरीच्या तिपटीहून जास्त ठेवायचा नाही. दोन्ही टोकं शून्य ते तिप्पट यांच्या आत राहिली की तुकडा कुठेही उलटा फिरत नाही. हे कार्ल डी बोर आणि ब्लेअर स्वार्ट्झ यांनी १९७७ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले फ्रेड फ्रिश आणि राल्फ कार्लसन यांनी १९८० च्या निबंधात पूर्ण सीमारेषा आखून दिली: कोणत्या उतारांनी तुकडा सरळमार्गी राहतो आणि कोणत्यांनी नाही. तिपटीचा चौकोन हा त्या क्षेत्राचा भाग आहे. त्याच्या बाहेरही थोडी सवलत मिळते, उदाहरणार्थ एका टोकाचा जोर सरासरीइतका असेल तर दुसरा चौपटीपर्यंत जाऊ शकतो, पण व्यवहारात चौकोन पुरतो.

अडीचच्या नोंदीपाशी ही कसोटी लावून पाहा. डावीकडच्या टप्प्याची सरासरी २, तर तिप्पट म्हणजे ६. स्प्लाइनने धरलेला उतार १९.३. सरासरीच्या जवळजवळ दहापट. तिथेच त्याची वाट चुकली.

फ्रिश आणि कार्लसन यांच्या निबंधात पडताळ्यासाठी वापरलेलं एक कोष्टक या विषयात आजही फिरत असतं. त्यात नऊच ओळी आहेत. पहिली किंमत शून्य, शेवटची ०.९९९९९४, मधे एकदम चढाव आणि शेवटी लांबलचक सपाटी. आपल्या पावसाच्या दिवसासारखाच त्याचा चेहरा. हिरोशी अकिमा यांनी त्याआधी, १९७० मध्ये, दुसऱ्या एका प्रसिद्ध कोष्टकावर आपली पद्धत दाखवली होती. त्यात किंमत बराच वेळ १० वर निश्चल राहते आणि मग १०.५, १५, ५० अशी उसळते. अकिमांची पद्धत स्प्लाइनपेक्षा बरीच शहाणी आहे, सपाट भागात ती हलत नाही. पण चढत्या कोष्टकात वक्र कधीच उतरणार नाही अशी हमी ती देत नाही. ती हमी हवी असेल तर उताराला लगाम घालावा लागतो.

१९८० च्या निबंधातली रीत दोन टप्प्यांची होती. आधी उतारांचा काहीतरी अंदाज करायचा, मग जे उतार सीमेबाहेर गेले असतील ते खेचून आत आणायचे. मला जास्त आवडते ती १९८४ ची सुधारणा. फ्रिश आणि ज्युडी बटलंड यांनी एक असं सूत्र दिलं, की उतार सीमेबाहेर जाण्याचा प्रश्नच येत नाही. आधी चूक करून मग दुरुस्त करण्यापेक्षा चूक होणारच नाही अशी मांडणी. आज मॅटलॅबचं `pchip` आणि पायथनमधल्या सायपायचं `PchipInterpolator` याच जातीचं सूत्र वापरतात.

सूत्र असं. नोंदीच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या टप्प्यांची सरासरी घ्या. एक चढती आणि एक उतरती असेल, किंवा दोन्हींपैकी एक जरी शून्य असेल, तर त्या नोंदीपाशी उतार शून्य. दोन्ही एकाच दिशेच्या असतील तर त्यांचा हरात्मक मध्य. आकडे `a` आणि `b` असतील तर तो `2ab/(a+b)`. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटरने गाडी चालवली तर सबंध प्रवासाचा सरासरी वेग ५० नाही, ४८ येतो. तो हाच मध्य. तो लहान आकड्याकडे झुकतो, आणि आपल्याला नेमकं हेच हवं आहे.

किती झुकतो? `b` कितीही मोठा घेतला तरी हा मध्य लहान आकड्याच्या दुपटीपर्यंतही पोचत नाही. आपली मर्यादा तिपटीची. म्हणजे कोष्टक कसंही असो, उतार आपोआप मर्यादेत राहतो. नोंदींमधली अंतरं कमीजास्त असतील, एक टप्पा तीन तासांचा आणि पुढचा सहाचा असा, तर दोन बाजूंना वेगवेगळं वजन दिलं जातं आणि तेव्हाही मध्य तिपटीच्या बाहेर जात नाही. सूत्रातली वजनं त्याच हिशेबाने निवडलेली आहेत.

आता आपला दिवस घेऊ. पाच टप्प्यांच्या सरासऱ्या तासाला ०, २, ३०, ६ आणि ० मिमी. साडेअकराला एका बाजूची सरासरी शून्य, म्हणून उतार शून्य. अडीचला २ आणि ३० चा हरात्मक मध्य: १२० भागिले ३२, म्हणजे ३.७५. साडेपाचला ३० आणि ६ चा: ३६० भागिले ३६, म्हणजे १०. रात्री साडेआठला एका बाजूला पुन्हा शून्य, उतार शून्य. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला एकच शेजारी असतो, म्हणून तिथे शेजारच्या दोन टप्प्यांवरून एक वेगळं सूत्र लावतात, आणि त्याचं उत्तर भलत्याच दिशेचं आलं तर शून्य धरतात. आपल्याकडे दोन्ही टोकांना तसंच होतं.

सहा उतार ठरले, काम झालं. एक वाजताची किंमत काढू. टप्प्याच्या मध्यावरची किंमत म्हणजे दोन टोकांच्या किमतींची सरासरी, अधिक टप्प्याच्या लांबीचा आठवा भाग गुणिले पहिला उतार वजा दुसरा उतार. इथे ३ अधिक तीन अष्टमांश गुणिले ० वजा ३.७५. उत्तर १.५९, म्हणजे साधारण १.६ मिमी. शून्याच्या वर, सहाच्या खाली, आणि सरळ रेषेच्या ३ पेक्षा कमी. ते बरोबरच आहे, कारण पाऊस नंतर वाढणार होता. पहिले २ मिमी कधी पुरे झाले याचं आता एकच उत्तर येतं: दुपारी १ वाजून ११ मिनिटं.

हरात्मक मध्याऐवजी साधी सरासरी चालली नसती का, असं कुणालाही वाटेल. करून पाहा. २ आणि ३० ची साधी सरासरी १६. साडेअकराला उतार शून्यच ठेवला तरी एक वाजताची किंमत येते ३ वजा ६, म्हणजे उणे ३. आणि उतार बरोबर मर्यादेवर, म्हणजे ६ ठेवला तर? तेव्हा उत्तर ०.७५. वक्र साडेअकराला शून्याला चाटून निघतो, पण खाली जात नाही. मर्यादा तीनच का, हे या एका आकड्यात दिसतं.

संगणकावर हे सगळं चार ओळींचं काम आहे. वेळ तासांत लिहिली आहे, म्हणजे साडेआठ म्हणजे 8.5.

```python
from scipy.interpolate import PchipInterpolator, CubicSpline
t = [8.5, 11.5, 14.5, 17.5, 20.5, 23.5]
p = [0, 0, 6, 96, 114, 114]
print(CubicSpline(t, p, bc_type="natural")(13.0), PchipInterpolator(t, p)(13.0))
```

पहिलं उत्तर उणे ५.६८ च्या आसपास, दुसरं १.५९. सायपायचा `CubicSpline` डीफॉल्टने टोकं वेगळ्या पद्धतीने बांधतो, म्हणून `"natural"` स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर वर दिलेले आकडे जुळणार नाहीत.

या पद्धतीचा आणखी एक गुण रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. समजा साडेपाचची नोंद चुकली होती, ९६ नाही ८६, असं नंतर कळलं. दिवसभर दर तीन तासांच्या नोंदी असलेल्या लांब कोष्टकात स्प्लाइनने काढलेला सबंध वक्र हलतो, कारण सगळे उतार एकमेकांत गुंतलेले आहेत. सारख्या अंतराच्या नोंदींत हा हादरा दर टप्प्याला सुमारे पावपट होत जातो आणि दर वेळी दिशा बदलतो. कोरड्या सकाळी दिसलेला २.२ मिमीचा तो खोटा पाऊस दुपारच्या उसळीचाच दूरवर पोचलेला पडसाद होता. हरात्मक मध्याच्या पद्धतीत प्रत्येक उतार फक्त शेजारच्या दोन टप्प्यांवरून ठरतो. म्हणून एक नोंद बदलली तर तिच्या दोन्ही बाजूंचे दोन दोन टप्पे बदलतात, बाकी कोष्टक जागच्या जागी राहतं. ज्या कोष्टकात रोज भर पडते आणि मागाहून दुरुस्त्याही होतात, तिथे याची किंमत कळते.

पण फुकट काही मिळत नाही. बाक जुळवण्याची अट आपण सोडून दिली. त्यामुळे एकूण पावसाचा वक्र गुळगुळीत दिसत असला तरी पावसाच्या जोराचा आलेख काढला तर त्यात प्रत्येक नोंदीपाशी टोकदार कोन दिसतात. डोळ्यांना ते खटकतं. आराखडे काढणाऱ्यांना, गाडीचा पत्रा किंवा अक्षरांची वळणं घडवणाऱ्यांना ते मुळीच चालणार नाही. त्यांनी स्प्लाइनच वापरावा.

जोराच्या या आलेखाची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अडीच ते साडेपाचच्या टप्प्याच्या मध्यावर, म्हणजे चार वाजता, आपल्या वक्राप्रमाणे पावसाचा जोर किती? सिम्पसनचा तोच उलटा नियम: ३० ची सहापट १८०, त्यातून ३.७५ आणि १० वजा, आणि चाराने भागून ४१.६ मिमी तासाला. सरळ रेषेने हाच आकडा ३० सांगितला असता. मुंबईतली पावसाळी गटारं पूर्वी तासाला २५ मिमी पावसासाठी बांधलेली होती आणि ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ५० मिमीवर नेण्याचं ठरलं, हे लक्षात घेतलं तर ३० आणि ४१.६ मधला फरक कागदापुरता राहत नाही. पण दोन्हींपैकी एकही आकडा मोजलेला नाही. तीन तासांत ९० मिमी पडले एवढंच नोंदवहीला माहीत आहे. त्यातले ६० एका तासात पडले असतील आणि उरलेले दोन तासांत, हेही शक्य आहे. कोणताही वक्र ते सांगू शकत नाही. पद्धत इतकीच हमी देते, की आकडा उणे येणार नाही आणि एकूण पाऊस पुढच्या नोंदीच्या पुढे धावणार नाही. जोराचं खरं शिखर हवं असेल तर स्वयंलेखी पर्जन्यमापकाचा कागद काढावा. त्याचा पेन ड्रमवर फिरत फिरत एकूण पावसाची रेघ सलग ओढत असतो.

चुकीच्या नोंदीपुढेही ही पद्धत हतबल असते. शेवटच्या ओळीत ११४ ऐवजी चुकून १०४ लिहिलं गेलं तर वक्र निमूटपणे रात्री दहा मिमी खाली उतरेल, कारण नोंदच उतरते आहे. तो नोंदींपेक्षा जास्त चढउतार करत नाही, पण नोंदींत असलेले चढउतार झाकतही नाही. म्हणून वक्र काढण्याआधी शेजारच्या नोंदींची वजाबाकी करून एकही फरक उणे नाही ना, हे पाहावं. आणि वक्र काढल्यावर दर पाच मिनिटांनी उतार काढून सगळ्यात लहान आकडा छापावा. या पद्धतीत तो शून्याच्या खाली गेला तर चूक बहुधा कोष्टकात असते.

जिथे कोष्टक मुळातच वर-खाली होतं, तिथे मात्र मी ही पद्धत सहसा वापरणार नाही. भरती-ओहोटीचं उदाहरण घ्या. बंदरावर तासातासाला पाण्याची पातळी मोजली. दहा वाजता ४.० मीटर, अकराला ४.३, बाराला ४.१. खरी भरती अकरानंतर किंवा आधी थोड्या वेळाने टोकाला पोचलेली असू शकते, आणि तिची उंची ४.३ पेक्षा थोडी जास्त असणारच. पण अकराच्या डावीकडे चढ आणि उजवीकडे उतार आहे. नियमाप्रमाणे अकराला उतार शून्य, आणि शिखर बरोबर अकरा वाजता, बरोबर ४.३ वर. पद्धत शिखर नोंदीवरच बसवणार, कारण नोंदीच्या वर जाणं तिला मना आहे. इथे स्प्लाइन नोंदीच्या थोडा वर जातो, आणि ते योग्यच असतं. पाण्याची पातळी सूर्य-चंद्राच्या ओढीने एका लयीत हलते, तिच्या शिखरांना नैसर्गिक गोलाई असते. अचूकतेच्या दृष्टीनेही, नोंदींमधलं अंतर निम्मं केलं तर अशा गोलाईदार आलेखात स्प्लाइनची चूक साधारण सोळाव्या हिश्शावर येते. शिखरांपाशी बंद दार लावणाऱ्या या पद्धतीची चूक जेमतेम चौथ्या हिश्शावर येते.

तापमानाचंही तसंच. दिवसातलं कमाल तापमान तासातासाच्या नोंदींतून काढताना ही पद्धत नेहमी नोंदींतलीच सगळ्यात मोठी किंमत कमाल म्हणून दाखवेल. तिथे कमाल-किमान तापमापकाचा वेगळा आकडा असतो, तो घ्यावा.

एकूण पावसाच्या कोष्टकाला मात्र अशी शिखरं नसतातच. तिथे वर जाऊन परत येण्याची मुभा कुणालाच नको, ना ढगाला ना वक्राला.